मासोळी, दूध आणि आत्याचं कोड

आर्वीकडच्या आमच्या पिढीच्या घरात दूध आणि मासोळी दोन्ही मुबलक. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गाईंचा पट्टा. आमच्या गोठ्यातही पांढऱ्याशुभ्र गवळाऊ गाई असायच्या, संध्याकाळची धार निघाली की चुलीवर दुधाचं पातेलं चढायचं. दुसरीकडे वर्धा नदी जवळच. पावसाळ्याच्या तोंडाशी भोई नदीवरून मासोळ्या घेऊन दारावर यायचे. मरळ, वाम, रोहू, कधी ओंजळभर झिंगे. भाजलेलं खोबरं, खसखस आणि चिंचेचा कोळ घातलेला तो तिखटजाळ रस्सा आणि ज्वारीची भाकरी आम्ही सगळी चुलत भावंडं एकाच पंगतीत खायचो.

त्या रात्री मात्र दूध बंद. एरवी झोपण्याआधी प्रत्येकाला पेलाभर दूध संपवावंच लागे. मासोळीच्या रात्री आजी दुधाचं पातेलं शिंकाळ्यावर चढवून ठेवायची. "पोट्टेहो, मासोया खाल्ल्या न? मंग आज दूध नाई. अंगावर कोड फुटन!" दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दह्याताकालाही हात लावायचा नाही. कुणी विचारलंच की असं का, तर उत्तर एकच: आत्याकडे पाहा.

आत्याच्या ओठांवर आणि बोटांच्या टोकांना कोड होतं. विशीच्या आत सुरू झालेलं, पुढे कोपरांवर, गुडघ्यांवर पसरलेलं. आणि आत्या माळकरी होती. लहानपणीच गळ्यात तुळशीची माळ पडली, तेव्हापासून तिने मासोळी चाखलेली नव्हती. पहिला डाग दिसला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तरी गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "लहानपणी कदी तरी खाल्लं असन दूध-मासोयी, आता बाहीर निंगालं." मोठी माणसं गप्प बसायची. आम्हा मुलांनाही तो हिशेब पटायचा, कारण दुसरं कारण कुणी सांगितलेलंच नव्हतं.

वर्ध्यात पांढऱ्या डागाची भीती आणखी एका कारणाने गडद होती. मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजी परचुरेशास्त्रींची स्वतः शुश्रूषा करायचे, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक होतं. त्या सेवेचा अभिमान होता, पण घरातल्या मुलीच्या अंगावर डाग दिसला की पहिली शंका महारोगाचीच यायची. खरं तर दोन्ही वेगळे ओळखू येतात. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा तिथली संवेदना कमी होते, टोचलेलं कळत नाही. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा, पण तिथे स्पर्श, चटका, टोचणं सगळं कळतं. आत्याला चुलीचा चटका बसला की ती कळवळायची. एवढी एक गोष्ट कुणी नीट पाहिली असती, तर महारोगाची शंका तिथेच गळून पडली असती.

मासोळी-दुधाची ही समजूत आजीने मनाने रचलेली नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सव्विसावा अध्याय आहे, आत्रेयभद्रकाप्यीय नावाचा. त्यात मासे आणि दूध एकत्र खाऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. कारण असं दिलंय की दोन्ही मधुर, पण दूध शीत आणि मासा उष्ण. दोघांच्या विरोधाने रक्त बिघडतं आणि शरीरातले मार्ग अडतात. विरुद्ध आहाराने होणाऱ्या रोगांच्या यादीत किलास, म्हणजे कोडही आहे. मला त्यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिथला वाद. भद्रकाप्य म्हणतो, चिलिचिम नावाचा एक मासा सोडला तर बाकी मासे दुधाबरोबर चालतील. आत्रेय म्हणतात, नाही, कुठलाच नको, चिलिचिम तर मुळीच नको. म्हणजे हा प्रश्न त्या काळीही मिटलेला नव्हता. त्याच अध्यायात पुढे असंही म्हटलंय की सवय असेल, प्रमाण थोडं असेल, माणूस तरुण, व्यायाम करणारा आणि चांगल्या भुकेचा असेल, तर विरुद्ध अन्न बाधत नाही. आमच्यापर्यंत बंदी तेवढी पोचली. ही सूट वाटेत कुठेतरी गळाली.

आजचं वैद्यक कोडाबद्दल काय सांगतं? त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारशक्ती शत्रू समजून मारते. काही घराण्यांत ती प्रवृत्ती असते, काहींना सोबत थायरॉइडचा त्रास असतो. ते स्पर्शाने पसरत नाही. जगात साधारण शंभरात अर्ध्या ते एका माणसाला होतं, आणि निम्म्या जणांना विशीच्या आत. जिथे पिढ्यान्पिढ्या मासा शिजला नाही, अशा घरांतही होतं. उलट बंगालात दह्यातला मासा, दोई माछ, लग्नाकार्यात वाढतात, आणि फिनलंडमध्ये दुधातलं माशाचं सूप हे रोजचं जेवण आहे. पोटात दूध फाटतं ही भीतीही निराधार. जठरातल्या आम्लाने प्रत्येक पेला दूध फाटतंच, मासा असो वा नसो, पचनाची ती पहिलीच पायरी आहे.

मग इतक्या पिढ्यांना हे खरं का वाटलं असेल? माझा अंदाज असा की दोष पावसाळ्याचा आहे. मासोळीचा हंगाम तोच आणि शिबं उठण्याचाही तोच. घाम आणि दमट कपड्यांमुळे मानेवर, छातीवर, पाठीवर बुरशीचे फिकट चट्टे उठतात, वर बारीक कोंडा असतो, मलमाने जातात. मुलांच्या गालावरचे फिकट डागही असेच, त्यांचं खापर जंतांवर फुटायचं. मासोळी खाल्ल्यानंतर पंधरा दिवसांत असं काही दिसलं की आजीचं म्हणणं सिद्ध झालं असं वाटे.

आणि त्रास होतो तो खरा कशाने, तेही सांगायला हवं. काहींना मासाच सोसत नाही, काहींना दूधच. माशाची ॲलर्जी असेल तर बहुधा मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. श्वास लागला तर तडक दवाखाना गाठावा. दुधातली साखर पचत नसेल तर पोट गुडगुडतं, जुलाब होतात, ते नुसत्या दुधानेही होतात. तिसरी गोष्ट बिघडलेल्या मासळीची. वर्ध्याच्या उन्हात, पारा 45 च्या घरात असताना, बर्फाविना आलेला मासा काही तासांत नासतो. बांगडा, टुना यांसारख्या समुद्री माशांत बर्फ नसला की हिस्टामिन तयार होतं. कितीही शिजवलं तरी ते जात नाही, आणि खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. त्यावर कुणी दूध प्यायलं असेल, तर नाव दुधाचं होतं.

आत्याचं लग्न उशिरा झालं, आणि बोलणी मोडली की प्रत्येक वेळी घरात कुणीतरी म्हणे, काय खाल्लं होतं गं तू? तो प्रश्न तिने मुकाट्याने ऐकला. म्हणून आम्ही भावंडं आता आपापल्या घरी ही बंदी पाळत नाही. मासोळीच्या रात्रीही नातवंडांना दूध मिळतं, ज्याला ते पचतं त्याला. पाळतो ते एवढंच: डोळा तुकतुकीत आहे का, कल्ला लाल आहे का, बोटाने दाबलेलं मांस परत वर येतं का, हे पाहून मासा घ्यायचा, समुद्री असेल तर बर्फातलाच. आणि कुणाच्या अंगावर डाग दिसला, तर काय खाल्लं हे न विचारता त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्यायचं. लवकर नेलं तर मलमाने आणि अतिनील किरणांच्या उपचाराने बऱ्याच जणांचा रंग काही प्रमाणात परत येतो, चेहऱ्यावरचा जास्त, बोटांच्या टोकांवरचा फार कमी.