विरजण

फेब्रुवारीचं कॉमन वीजबिल आठ हजारांनी कमी आलं, तेव्हा कमिटीच्या बैठकीत माझं कौतुक झालं. बँकेत तीस वर्षं काढलेली खजिनदार लाभली म्हणून अध्यक्षांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. मी केलं होतं एवढंच, की बेसमेंटच्या कोपऱ्यातल्या एसटीपीच्या ब्लोअरला टायमर लावून घेतला होता. रात्री अकरा ते सकाळी सहा ब्लोअर बंद. पाच एचपीची मोटर तासाला पावणेचार युनिट खाते, म्हणजे सात तासांत सव्वीस युनिट वाचतात. रात्री सगळे झोपलेले, मैलापाणी येतच नाही, मग हवा कुणासाठी मारायची, असा माझा हिशेब होता.

समोसे पचायच्या आत सी विंगमधून पहिला फोन आला. फ्लश केला की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. दुसऱ्या दिवशी सहा फोन. आमच्या घरातल्या कमोडमध्ये पाहिलं तर पाणी चहाचं भांडं विसळल्यासारखं दिसत होतं. वाऱ्याबरोबर बंडगार्डनच्या पुलाकडून येणारा नदीचा वास येरवड्यात कुणाला नवा नाही, पण तो खिडकी लावली की थांबतो. हा तर घराच्या आतच होता.

मी खाली गेले. सोसायटीत चार वर्षं खजिनदार होते, दर महिन्याला प्लँटच्या वहीवर सही करत होते, आणि त्या दाराच्या आत मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच शिरले. आमचे ऑपरेटर मामा बार्शीकडचे. त्यांनी काही न बोलता एक लिटरचं काचेचं मोजपात्र उचललं, दोरीच्या डबड्याने हवेच्या टाकीतलं पाणी काढून त्यात काठोकाठ भरलं आणि कट्ट्यावर ठेवलं. म्हणाले, “मॅडम, अर्धा तास बसा. हलवू नका.”

प्लँट म्हणजे काय हे मला त्या अर्ध्या तासात कळलं. एकशे साठ फ्लॅटचं, साधारण साडेसहाशे माणसांचं मैलापाणी आधी एका जाळीतून जातं. चिंध्या, प्लास्टिक, केसांचे गुंते तिथे अडकतात आणि मामा ते रोज पंजाने ओढून काढतात. मग ते एका मोठ्या टाकीत साठतं, कारण सकाळी सात ते दहा सगळी सोसायटी एकदम अंघोळीला जाते, दुपारी कुणीच नसतं, आणि पुढच्या टाकीला मात्र दिवसभर सारखंच पाणी लागतं. ही पुढची टाकी हेच खरं काम. तिच्या तळाशी रबरी नळ्या आहेत, ब्लोअर त्यांच्या बारीक छिद्रांतून हवा सोडतो आणि त्या बुडबुड्यांवर करोडो जिवाणू जगतात. मैला खाऊन ते वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे चॉकलेटी गोळे होतात. तिथून पाणी शांत टाकीत जातं. गोळे तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी काठावरून पुढे ओघळतं. त्यात क्लोरीन टाकून ते वाळूच्या आणि कोळशाच्या फिल्टरमधून काढलं की गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत चढवतात आणि बागेला देतात.

तळाशी बसलेला गाळ फेकायचा नसतो, हे मला नवं होतं. तो पुन्हा हवेच्या टाकीत न्यायचा. उपाशी जिवाणू परत कामाला लागतात, आणि जास्त झाला तेवढाच गाळ बाहेर काढून वाळवतात. हे मागे न्यायचं काम आमच्याकडे वेगळा पंप करत नाही. ब्लोअरचीच थोडी हवा एका उभ्या पाइपात सोडलेली आहे, ती गाळ वर उचलते. माझ्या टायमरने ब्लोअर थांबला, की तो पाइपही थांबत होता.

म्हणजे रात्रभरात काय व्हायचं ते मामांनी बोटाने दाखवलं. शांत टाकीत बसलेला गाळ सात तास तिथेच पडून राहायचा. हवा नाही, म्हणून तो सडायचा आणि त्यात वायू धरायचा. पहाटे वायूच्या बुडबुड्यांबरोबर काळ्या पापडासारखे तुकडे वर तरंगायचे, आणि सहाला पाणी सुरू झालं की तेच काठावरून पुढे वाळूच्या फिल्टरवर जायचे. फिल्टर तुंबायचा. क्लोरीन जंतू मारण्याऐवजी त्या घाणीतच खर्च व्हायचं. शिवाय हवा बंद असताना टाकीतला गाळ रबरी नळ्यांच्या छिद्रांत शिरायचा, त्यामुळे सहानंतरही निम्मेच बुडबुडे. आणि या अवस्थेत सातला सगळ्या सोसायटीचं सकाळचं पाणी येऊन आदळायचं. जिवाणूंना रात्री अन्न नसलं तरी श्वास लागतोच, ही गोष्ट माझ्या हिशेबात कुठे नव्हती.

अर्धा तास झाला. मामांनी मोजपात्र उजेडाकडे धरलं. चांगल्या प्लँटमध्ये अडीचशे ते चारशेच्या खुणेपर्यंत चॉकलेटी गाळ बसतो आणि वर पाणी स्वच्छ राहतं. आमच्या पात्रात गाळ सत्तरला होता, रंग काळा, आणि वरचं पाणी गढूळ. मग त्यांनी वही पुढे केली. टायमर लावल्यापासूनचे आकडे रोजच्या रोज त्यात होते, आठवड्यागणिक घसरत गेलेले: ३२०, ३१०, २७०, २१०, १४०. शेजारी त्यांच्या अक्षरात ‘रात्री ब्लोअर बंद, कमिटीचा आदेश’, आणि खाली माझी सही. मी सही करताना फक्त क्लोरीनच्या कॅनची संख्या पाहत असे.

“तुम्ही बोलला का नाहीत मामा?”

“ल्हिलं हुतं की, मॅडम.”

टायमर त्याच क्षणी काढला. पण हवा सुरू केली म्हणून मेलेला प्लँट दुसऱ्या दिवशी जिवंत होत नाही. फ्लशची लाइन बंद करून तिथे साधं पाणी द्यावं लागलं. माणशी पंचेचाळीस लिटरने फ्लशला रोज तीस हजार लिटर लागतात, आणि महापालिकेचं पाणी तेवढं येत नाही. म्हणजे दहा हजारांचे तीन टँकर, तीन हजार रुपये रोज. माझी बचत दिवसाला पावणेतीनशेच्या आसपास होती.

शांत टाकीतला सडका गाळ गाडीने उपसून नेला. रबरी नळ्या उचलून धुवायच्या होत्या. आमच्याकडे त्या पाइपाला जोडून वरून ओढून काढता येतात, म्हणून कुणाला टाकीत उतरावं लागलं नाही. एका सभासदाने एका ठेकेदाराचा नंबर दिला होता, त्याची माणसं टाकीत उतरायला तयार होती. मामा दारात आडवे उभे राहिले. बंद टाकीतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि २०१३ च्या कायद्याने असं कुणाला उतरवणं गुन्हाही आहे.

मग विरजण आलं. हा शब्द मामांचाच. कल्याणीनगरच्या बाजूच्या एका सोसायटीचा प्लँट चांगला चालतो, तिथला सहा हजार लिटर ताजा गाळ टँकरने आणून हवेच्या टाकीत ओतला. पहिले काही दिवस निम्मंच मैलापाणी प्लँटला दिलं, बाकीचं सरळ गटाराला सोडलं. थोड्या विरजणात घागरभर दूध ओतलं तर ते लागत नाही, नासतं, तसंच हे. टाकीवर पांढरा फेस छातीपर्यंत चढला तेव्हा मी घाबरले. मामा म्हणाले, नवीन टाकीला येतोच, गाळ कमी आहे तोवर राहणार. काळपट, तेलकट फेस दिसला की घाबरायचं.

वास सुरू झाला तेव्हाच, टँकर लागण्याआधी, बी विंगच्या सातव्या मजल्यावरच्या काकूंची वेगळीच तक्रार आली होती. त्यांच्या बेसिनच्या नळालाही वास येत होता. आमच्या इमारतीत दोन वेगळे पाइप आहेत, एक पिण्या-अंघोळीच्या पाण्याचा, दुसरा फक्त फ्लशचा. हे दोन कुठेही भेटता कामा नयेत. शाफ्टमधला फ्लशचा व्हॉल्व्ह बंद केला आणि काकूंना नळ सोडायला सांगितलं. नळ कोरडा. दोन वर्षांपूर्वी बाथरूम नवं करताना प्लंबरने जवळचा पाइप दिसला तिथून बेसिन आणि जेट जोडून टाकलं होतं. दोन वर्षं काका-काकू त्याच पाण्याने दात घासत होते. पाणी नितळ आणि बिनवासाचं होतं म्हणून कळलं नाही. प्लँट बिघडला नसता तर आजही कळलं नसतं. त्या आठवड्यात आम्ही प्रत्येक शाफ्टचा व्हॉल्व्ह बंद करून घरोघरी नळ तपासले. आणखी दोन घरं सापडली, दोन्हीकडे जेट.

बाविसाव्या दिवशी मोजपात्रात गाळ अडीचशेला टेकला. पाणी त्याआधीच, सतराव्या दिवशी, फ्लशला सुरू केलं होतं. सतरा दिवस गुणिले तीन हजार म्हणजे एक्कावन्न हजार. गाळाची गाडी, विरजणाचा टँकर आणि फिल्टरची नवी वाळू वेगळी. प्रयोगशाळेच्या अहवालात बीओडी आठ आला. आमच्या संमतीपत्रात मर्यादा दहाची आहे.

आता मला रोज तिथलं थोडंफार दिसतं, तर हेही सांगते की सगळं पाणी आम्ही वापरत नाही. रोज पंचाहत्तर-ऐंशी हजार लिटर पाणी शुद्ध होऊन निघतं. फ्लशला तीस, दोन हजार चौरस मीटर बागेला उन्हाळ्यात दहा. उरलेलं निम्मं शुद्ध पाणी गटारात जातं, आणि पावसाळ्यात बागेचंही त्यात जमा. शिवाय साबणातले, मिठातले विरघळलेले क्षार यातून निघत नाहीत. फ्लशच्या टाकीत पांढरी खपली धरते, आणि माळीदादांनी कुंड्यांतल्या नाजूक झाडांना हे पाणी घालणं बंद केलं आहे. लॉन आणि कडुनिंब मजेत आहेत. फवारा आम्ही वापरत नाही, तुषार लोकांच्या नाकातोंडात जातात. पाणी जमिनीलगतच्या ठिबकने जातं, तेही पहाटे, मुलं खाली उतरायच्या आधी.

त्या ठिबकच्या पंपाला मामांनी माझा टायमर लावला आहे. पाच वाजता सुरू होतो, पाच-वीसला बंद.