ऐंशी म्हणजे ऐंशीच

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना हवा होता तो लेख वेगळा होता. हातमागाच्या कापडाची आगाऊ नोंदणी घेताना लोकांना ओढून आणणारा मजकूर कसा लिहायचा, चार युक्त्या सांगा, असं ते म्हणाले. गेली बारा वर्षं मी हेच काम करते. कापड विणायच्या आधी त्याची जाहिरात लिहायची, शेवटची तारीख सांगायची, मधली स्मरणपत्रं धाडायची आणि पार्सल घरी पोचेपर्यंत शब्दाला जागायचं. पण युक्त्या सांगायला बसले की मला सांगलीचे एक गृहस्थ आठवतात. त्यामुळे त्यांच्याच प्रकरणाबद्दल लिहिते.

गेल्या वर्षी महेश्वरच्या कुर्त्याच्या कापडाची एक छोटी खेप होती. उभा धागा रेशमाचा, आडवा सुती, रंग डाळिंबी. अहिल्याबाईंच्या या गावात रंगांची नावं अजूनही अशी कानाला आपली वाटणारी आहेत: डाळिंबी, अंगूरी, गुलबक्षी. जाहिरातीत मी लिहिलं होतं, ‘अडीच मीटरचे ८० तुकडे. नोंदणी १५ ऑगस्टपर्यंत. घरपोच १ ते १० ऑक्टोबरदरम्यान.’ वाचणाऱ्याला वाटतं की ऐंशी हा आकडा गोंडस दिसतो म्हणून घेतला आणि १५ ऑगस्ट लक्षात राहते म्हणून. दोन्ही आकडे मागावरून आले होते. ते कसे, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे चार माग होते. प्रत्येकावर ६० मीटरचा ताणा चढणार होता. ताणा म्हणजे मागावर ताणून बसवलेले उभे धागे. या कापडात ते तीन हजारांवर असतात. पण ६० मीटर ताण्याचं ६० मीटर कापड होत नाही. उभा धागा आडव्या धाग्यांच्या वरून-खालून वळत जातो आणि त्या वळणांत त्याची लांबी खर्ची पडते. शिवाय शेवटचा तुकडा फणीत आणि वहीत अडकलेला राहतो, तिथवर धोटा चालतच नाही. त्यामुळे हाती येतं साधारण ५५ मीटर. चार मागांचे २२० मीटर. त्यातले २० मीटर मी कधीच विकत नाही. कुठे ताण्याचा धागा तुटून लांब रेघ पडते, कुठे कांडी बदलताना पट्टा उठतो, तेवढा भाग कापून टाकावा लागतो. उरले २०० मीटर, म्हणजे अडीच मीटरचे ऐंशी तुकडे.

आता तारीख. धागा रंगायला पाच दिवस, ताणा करून मागावर घ्यायला चार. एका मागावर दिवसाला सरासरी साडेतीन मीटर विणलं जातं, म्हणजे ५५ मीटरला सोळा दिवस. नंतर धुणं, वाळवणं, तपासणं, कापणं आणि बांधणं यांना पाच. असे झाले तीस कामाचे दिवस, आठवड्याची सुट्टी धरून पाच आठवडे. त्यात सणांचे तीन दिवस, कारण विणकरांच्या घरी ईदही असते आणि गणपतीही. पावसाचे चार, कारण ओल्या हवेत धुतलेलं कापड वाळत नाही. मग कुरिअर. एवढं मोजून मी ऑक्टोबरचा पहिला आठवडा सांगितला आणि वर थोडी सैल जागा ठेवली. १५ ऑगस्ट ही तारीख अशी उलटी मोजत आलेली होती. त्या दिवशी रंगाऱ्याला सांगायचं होतं की किती धागा भिजवायचा.

१३ ऑगस्टला ऐंशी तुकडे संपले. फोन येत राहिले. ज्यांच्यासाठी मी काम करत होते ते म्हणाले, ‘मागणी आहे तर मुदत वाढवू. चार दिवसांनी काय बिघडतंय?’ मी विरोध केला, पण पुरेसा केला नाही. १४ तारखेला माझ्याच हातून मजकूर गेला: ‘तुमच्या आग्रहास्तव नोंदणीची मुदत २० ऑगस्टपर्यंत वाढवत आहोत.’ आणखी चौतीस तुकडे नोंदले गेले.

माझ्या कामात याच वाक्यावर मी सगळ्यांशी भांडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. ‘मुदत वाढवली’ हे वाक्य लोकांना उदार वाटतं. विकणाऱ्यालाही वाटतं की आपण ग्राहकाची सोय केली. पण हातमागाच्या खेपेत मुदत वाढवणं म्हणजे दुसरी खेप सुरू करणं, आणि तिला पहिलीचंच नाव देणं. पहिला धागा १६ ऑगस्टला रंगात बुडाला. नंतरच्या चौतीस तुकड्यांचा धागा त्या पातेल्यात नव्हता, त्याच्यासाठी नवं पातेलं लागलं. पाणी आणि धागा यांचं प्रमाण, मिठाची चिमूट, पाण्याची ऊब, किती वेळ ठेवलं, धाग्याच्या लाछ्या कुठल्या गाठोड्यातून आल्या, यांपैकी एक गोष्ट हलली तरी छटा हलते. महेश्वरी कापडात तर रेशीम वेगळं रंगतं, सूत वेगळं रंगतं आणि आपल्याला दिसतो तो दोघांच्या मिश्रणाचा रंग. त्यामुळे फरक दुप्पट होण्याची भीती. रंगारी कितीही जाणता असला तरी तो तीच छटा आणायचा प्रयत्न करतो, तीच छटा येईल अशी हमी देऊ शकत नाही. हे त्याने आम्हाला आधीच सांगितलं होतं.

लोकांचा दुसरा प्रश्न असा असतो की माग चालूच आहे, मग अजून थोडं विणून का घेत नाही? कारण ताणा संपला की संपतो. पुढचा ताणा चढवताना जुन्या प्रत्येक टोकाला नवा धागा सांधावा लागतो, एकेक करून, तीन हजारांवर. आणि चारही माग सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अडकलेले होते. नवे दोन ताणे त्यानंतरच चढले. त्यांचे सोळा दिवस दसरा ओलांडून गेले, परतीच्या पावसाने वाळवण अडवली आणि पार्सलं दिवाळीच्या गर्दीत कुरिअरकडे पोचली.

सांगलीच्या गृहस्थांनी १२ ऑगस्टला एक तुकडा नोंदवला होता, बहिणीच्या ओवाळणीसाठी. मग धाकटी बहीणही भाऊबीजेला येणार असं ठरलं, म्हणून १८ तारखेला दुसरा. दोघींना सारखं, एवढीच त्यांची इच्छा. पहिला तुकडा ७ ऑक्टोबरला त्यांच्या हाती पडला. दुसरा भाऊबीज होऊन तीन दिवसांनी पोचला, आणि शेजारी ठेवून पाहिला तर विटकरीकडे झुकलेला. त्यांनी फोन केला. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘ताई, एकीच्या ताटात कापड ठेवलं आणि दुसरीच्या ताटात पाकीट. आता हे दिलं तर तिला वाटेल उरलेलं दिलं. तुम्ही तारीख लिहिली नसती तर मी दुसरीकडून घेतलं असतं.’

पैसे परत केले. पण त्यांचं शेवटचं वाक्य मला अजून टोचतं. माझ्या मजकुरावर त्यांनी भाऊबीज बेतली होती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विषयीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवणारे तेरा प्रकार त्यात दिले आहेत आणि त्यांत पहिलाच आहे खोटी घाई: माल संपत आला नसताना संपत आल्याचं भासवणं, वेळ असताना वेळ नाही असं दाखवणं. मला याचं समाधान आहे. पण अशा खोट्या घाईमुळे माझ्यासारखीला एक वेगळा त्रास होतो. लोकांनी इतक्या खोट्या ‘शेवटच्या तारखा’ पाहिल्या आहेत की खरी तारीखही त्यांना बनाव वाटते. ‘तुमच्याकडे मागे ठेवलेला माल असेलच’ असं मला दर वेळी कुणीतरी म्हणतं. आणि आम्ही मुदत वाढवतो तेव्हा तो संशय आम्हीच खरा ठरवतो. पहिल्या ऐंशी जणांना आपण सांगितलेलं असतं की १५ ऑगस्टनंतर मिळणार नाही. २० ऑगस्टला ते मिळालं, तर १५ तारीख तेव्हाही खोटीच होती, असंच त्यांनी समजावं.

यंदा मी मजकुराची मांडणी बदलली. जाहिरातीत तारखेच्या शेजारीच तिचं कारण लिहिलं: ‘१४ तारखेला नोंदणी बंद होईल, कारण १५ला धागा रंगात जाईल. एकाच रंगाचे दोन तुकडे हवे असतील तर आत्ताच एकत्र नोंदवा; पुढच्या खेपेत ही छटा जुळेलच असं नाही.’ नोंदणीच्या पावतीतही माप धुतल्यानंतरचं दिलं, कारण मागावरचं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि आम्ही ते धुऊन मगच कापतो.

स्मरणपत्रं चारच. पहिलं, नोंदणी बंद व्हायच्या दोन दिवस आधी, किती तुकडे उरले त्या खऱ्या आकड्यासह. ज्यांनी आधीच नोंदवलं आहे त्यांना हे पाठवायचं नाही. पैसे भरलेल्या माणसाला ‘घाई करा’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे. दुसरं, ताणा मागावर चढल्यावर. तिसरं, कापड मागावरून उतरल्यावर, आणि त्यात पत्ता तपासून घ्यायची विनंती. चौथं, पार्सल निघाल्याच्या दिवशी.

उशीर होणार असेल तर एक जास्तीचं पत्र जातं, आणि ते कबूल केलेल्या तारखेच्या आधी जायला हवं. त्यात आधी नवी तारीख, मग कारण, मग ‘थांबायचं नसेल तर पूर्ण पैसे परत’. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. आधी पावसाचं वर्णन, विणकरांच्या कष्टांचं वर्णन, आणि तारीख शेवटी किंवा नाहीच. विणकराचे कष्ट आपल्या उशिराला ढाल म्हणून वापरू नयेत. ज्याच्या घरी बारसं किंवा भाऊबीज आहे त्याला पहिल्या ओळीत तारीख हवी असते.

वाचकांना माझी एक विनंती आहे. आगाऊ नोंदणीची जाहिरात दिसली की दोन गोष्टी विचारा: शेवटच्या तारखेला मागावर नेमकं काय होणार आहे, आणि उशीर झाला तर मला कधी कळवाल? पहिल्याचं उत्तर देता येत नसेल, तर ती तारीख मागावरून आलेली नाही. आणि उत्तर मिळालं, तर तारीख उलटल्यावर ‘माझ्यासाठी एक तुकडा वाढवा’ असा आग्रह धरू नका.

यंदाही ऐंशी तुकडे होते आणि ते मुदतीआधीच भरले. त्यानंतर अकरा जणांना मी नाही म्हटलं. त्यांची नावं लिहून ठेवली आहेत. पुढचा ताणा जानेवारीत चढेल.