दाब दुप्पट, तरी निम्मा वायू शिल्लक

12वीच्या मुलांना मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. रासायनिक गतिकीच्या धड्यातलं एक सूत्र त्यांच्या तोंडी पक्कं बसलेलं असतं: अभिकारकाचा उरलेला दाब म्हणजे 2P₀ − P. P₀ हा सुरुवातीचा दाब आणि P हा त्या क्षणीचा एकूण दाब. सूत्र खरं आहे, पण वायूच्या एका रेणूपासून दोन रेणू तयार होत असतील तेव्हाच. ही अट पाठांतरात मागे पडते, म्हणून मी वर्गात मुद्दाम असं उदाहरण घेते जिथे एकाचे तीन होतात.

माझं आवडतं उदाहरण आहे डाय-टर्शरी-ब्युटाइल पेरॉक्साइडच्या अपघटनाचं. रेली, रस्ट आणि वॉन या अमेरिकी संशोधकांनी 1948 साली ते तपासलं होतं. या रेणूच्या मधोमध ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध असतो आणि तोच सगळ्यात कमजोर. तापवल्यावर तो तुटतो, दोन्ही तुकडे एकेक मेथिल गट टाकून ॲसिटोन होतात आणि सुटलेले दोन मेथिल एकमेकांना जोडून इथेन तयार होतं. म्हणजे पेरॉक्साइडचा एक रेणू गेला की ॲसिटोनचे दोन आणि इथेनचा एक, असे तीन रेणू येतात. बंध तुटण्याची पहिली पायरीच संथ असते आणि त्यात एकटाच रेणू भाग घेतो, म्हणून अभिक्रिया प्रथम कोटीची.

मी फळ्यावर 154.6 अंश सेल्सिअसची मापं लिहिली. भांडं बंद, आकारमान आणि तापमान कायम. सुरुवातीला दाब 173.5 मिमी, 3 मिनिटांनी 193.4, 12 मिनिटांनी 244.4, 15 मिनिटांनी 259.2 आणि 21 मिनिटांनी 286.8. दाबमापकाला वायू ओळखता येत नाहीत, तो सगळ्यांचा मिळून एकच आकडा दाखवतो. त्या आकड्यातून पेरॉक्साइडचा आंशिक दाब काढायचा आणि त्यावरून वेगस्थिरांक k. मी बाकांप्रमाणे वेळा वाटून दिल्या आणि मुलांना आकडेमोड करू दिली.

थोड्या वेळात खिडकीकडच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या रांगेत k वाढतच चाललाय.” त्यांच्या रांगेत 3 मिनिटांना 0.0406, 12 मिनिटांना 0.0438 आणि 21 मिनिटांना 0.0504 प्रति मिनिट आला होता. दुसऱ्या रांगेतून उत्तर आलं, “आमच्याकडे तर जवळजवळ सारखाच येतोय, 0.019च्या आसपास.” आकडेमोड दोन्हीकडे बिनचूक होती. पहिल्या रांगेने 2P₀ − P वापरलं होतं, दुसरीने समीकरण मांडून सुरुवात केली होती.

मी दुसऱ्या रांगेतल्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं. त्याने लिहिलं: x मिमी दाबाइतकं पेरॉक्साइड संपलं, तर उरलेलं P₀ − x, ॲसिटोन 2x, इथेन x. सगळ्यांची बेरीज P₀ + 2x. म्हणजे एकूण दाब जेवढा वाढला, त्याच्या निम्मा x. 15 मिनिटांचं माप घेऊन त्याने पुढचं केलं. वाढ 259.2 − 173.5, म्हणजे 85.7; निम्मे 42.85, म्हणून पेरॉक्साइडचा उरलेला आंशिक दाब 130.65 मिमी. सूत्राच्या रूपात हेच (3P₀ − P)/2. मग 173.5 भागिले 130.65, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम 0.284, भागिले 15, म्हणून k = 0.0189 प्रति मिनिट. पहिल्या रांगेच्या सूत्राने त्याच क्षणी 87.8 मिमीच उरले असते.

कोणतं उत्तर खरं हे मी सांगायची गरज नव्हती. अभिक्रिया प्रथम कोटीची असेल, तर k प्रत्येक वेळेला तोच यायला हवा. चुकीचं सूत्र वापरलं की तो वेळेबरोबर एकाच दिशेने सरकत जातो. आकडे थोडे वरखाली झाले तर मापनातली त्रुटी समजावी. असे सलग चढत गेले तर रेणूंची मोजणी तपासावी.

तेवढ्यात एकीने चांगली शंका काढली. बरोबरच्या पद्धतीनेही 3 मिनिटांना k 0.0197 येतो आणि 21 मिनिटांना 0.0188, मग हेही सरकणंच ना? आम्ही दोन्हीकडे दाबात 1 मिमीची चूक धरून पाहिली. 3 मिनिटांना एकूण वाढच 19.9 मिमी, त्यात 1 मिमीची चूक म्हणजे k मध्ये सुमारे 5 टक्क्यांचा फरक. 21 मिनिटांना वाढ 113.3 मिमी, तिथे तीच चूक 1 टक्क्याच्या आसपास. सुरुवातीची मापं मुळातच नाजूक असतात. शिवाय द्रव पेरॉक्साइड तापलेल्या भांड्यात सोडल्यावर त्याची वाफ होऊन ती तापेपर्यंत थोडी अभिक्रिया होऊनही गेलेली असते, त्यामुळे P₀ नेमका वाचणं हेच अवघड.

त्यावर प्रयोगशाळेत एक चांगला उपाय आहे. अभिक्रिया पूर्ण होऊ द्यायची आणि शेवटचा स्थिर दाब वाचायचा. सगळं पेरॉक्साइड संपल्यावर तो 3P₀ इतका, इथे 520.5 मिमी असतो. मग उरलेलं पेरॉक्साइड म्हणजे शेवटचा दाब वजा आत्ताचा दाब, भागिले 2. P₀ प्रत्यक्ष वाचता आला असेल, तर पडताळाही होतो: शेवटचा दाब त्याच्या तिप्पट भरला नाही, तर कुठेतरी गळती आहे किंवा आपण धरलेली अभिक्रिया तशी होत नाही.

मग मी उलटा प्रश्न घातला: 30 मिनिटांनी पेरॉक्साइडचा आंशिक दाब किती? k = 0.019 धरला, तर 173.5 ला e⁻⁰·⁵⁷ ने गुणायचं, उत्तर सुमारे 98 मिमी. एकूण दाब 520.5 वजा त्याची दुप्पट, म्हणजे सुमारे 324 मिमी.

शेवटी अर्धायुकाल काढला: 0.693 भागिले 0.019, साधारण साडेछत्तीस मिनिटं. त्या क्षणी पेरॉक्साइड निम्मं उरलेलं असतं आणि एकूण दाब बरोबर दुप्पट, 347 मिमी झालेला असतो. मी पहिल्या रांगेला त्यांच्या सूत्रात हा आकडा घालायला सांगितलं. उत्तर आलं शून्य. निम्मा वायू भांड्यात असताना सूत्र म्हणत होतं की सगळा संपला. “आणि त्याच्या पुढे?” मी विचारलं. खिडकीकडची मुलगी लगेच म्हणाली, “पुढे उणे येईल, मॅडम.” वायूचा दाब उणे असूच शकत नाही.

आता मी 2P₀ − P हे सूत्र आधी लिहूनच देत नाही. संतुलित समीकरण, त्याखाली प्रत्येक वायूचा दाब x च्या भाषेत, मग बेरीज, अशा तीन ओळी प्रत्येक गणितात लिहून घेते. एकाचे दोन रेणू होत असतील, तर त्याच ओळींतून 2P₀ − P आपोआप निघतं. तीन होत असतील, तर (3P₀ − P)/2 निघतं.