रक्तदाब ठीक, पण उजवं हृदय?

फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली म्हटलं, की नातेवाईक विचारतात, ‘केवढी आहे?’ माझ्या मते जिवाचा धोका गुठळीच्या आकारापेक्षा हृदयाचा उजवा खालचा कप्पा तिला किती सोसतो, यावर ठरतो. गुठळी बहुधा पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत धरते आणि सुटली की ओटीपोटातून मोठ्या शिरेवाटे वर सरकते. हृदयाकडे जाताना शिरा रुंद होत जातात, त्यामुळे ती वाटेत अडत नाही. उजव्या हृदयातूनही ती पार होते आणि पुढे फुप्फुसाच्या धमनीला फाटे फुटून वाट अरुंद झाली की अडकते. आता सगळा भार उजव्या कप्प्यावर पडतो. त्याची भिंत पातळ असते, कारण एरवी त्याला कमी दाबावरच काम करायचं असतं. निरोगी माणसात फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब वीसच्या आत असतो, आणि अचानक वेळ आली तर हा कप्पा तो चाळिसाच्या फार पुढे नेऊ शकत नाही. मग तो फुगतो.

समजा, घोट्याच्या हाडासाठी प्लास्टर घातलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंना तिसऱ्या आठवड्यात धाप लागली. नाडी ११८, ऑक्सिजन ९१, रक्तदाब ११२/७०. रक्तदाब पाहून घरच्यांना हायसं वाटेल, पण तो नाडी वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून टिकवलेला असू शकतो. सीटी अँजिओग्राफीत गुठळी दिसते. ईसीजीत छातीवरच्या पहिल्या चार लीडमध्ये टी लहरी उलट्या आहेत. टूडी इकोत उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा आहे, मधला पडदा डावीकडे दाबला गेला आहे आणि उजव्या कप्प्याची भिंत टोक सोडून नीट हलत नाही. त्यातच ट्रोपोनिन वाढलेलं आहे, म्हणजे स्नायूलाही इजा झाली आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की जुन्या फुप्फुसविकारातही उजवा कप्पा मोठा दिसतो. खरं आहे. पण महिनोन्‌महिने ताण सोसलेली भिंत जाड होते आणि दाबही साठाच्या वर नेऊ शकते. पातळ भिंत आणि मध्यम दाब हे ताज्या घटनेकडे बोट दाखवतात. उलट बाजूही ध्यानात ठेवावी: इको नॉर्मल आला म्हणून गुठळी नाही असं ठरत नाही, कारण लहान गुठळीने ताण येतोच असं नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ताण दिसतोच आहे, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच का देऊ नये? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पेथो’ चाचणीत नेमक्या अशाच, रक्तदाब शाबूत असलेल्या रुग्णांवर हे पाहिलं गेलं. इंजेक्शनमुळे रक्ताभिसरण कोसळणं कमी झालं, पण मोठा रक्तस्राव आणि मेंदूतला रक्तस्राव स्पष्टपणे वाढला. म्हणून या बाईंना मी हेपरिन सुरू करून पहिले दोन-तीन दिवस मॉनिटरवर ठेवीन आणि सलाईनचा मारा टाळीन. फुगलेल्या कप्प्यात आणखी पाणी भरलं तर पडदा अधिकच डावीकडे ढकलला जातो. वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली जाऊन तिथेच राहिला, तर मात्र इंजेक्शन द्यायला थांबणार नाही.