अहवालात औषधाचं पूर्ण नाव

घाटंजी तालुक्यातल्या ज्या शेतावर मी देखरेख करतो, तिथली पऱ्हाटी सप्टेंबरात खांद्याला लागली होती. एवढ्या उंच पिकात फवारा निम्मा माणसाच्याच तोंडावर येतो. त्यात पंपाच्या टाकीचं झाकण पाझरत होतं. सकाळपासून फवारणारा आमचा मजूर अकराच्या सुमारास धुऱ्यावर येऊन बसला. "भाऊ, डोयाले अंधारी येऊन राह्यली," म्हणाला.

अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, मग उलटी. त्याला झाडाच्या सावलीत नेलं तरी डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्याच राहिल्या. दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून मी त्याचा पाठीवर भिजलेला सदरा काढला, साबणाने अंग धुतलं, कुशीवर झोपवलं आणि 108 ला फोन लावला. कोणी दूध आणलं, ते पाजू दिलं नाही.

औषधांच्या डब्याही सोबत घेतल्या. घटनेच्या अहवालात पहिली ओळ त्यांचीच लिहिली: प्रोफेनोफॉस 40 टक्के अधिक सायपरमेथ्रिन 4 टक्के ईसी, त्याच टाकीत डायफेन्थ्युरॉन 50 टक्के. दुकानात बोलायचं नाव इथे चालत नाही. प्रोफेनोफॉसच्या विषावर अ‍ॅट्रोपिन असतं, डायफेन्थ्युरॉनला तसा उतारा नाही. मिसळलेलं दुसरं औषध लपवलं, तर डॉक्टर अर्ध्याच विषाशी लढतात. 2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. म्हणून "चक्कर आली" एवढंच लिहून मोकळं होणं मला पटत नाही. कोणतं लक्षण किती वाजता दिसलं, तेही लिहिलं.

यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याला अ‍ॅट्रोपिन सुरू झालं. छातीतली घरघर थांबेपर्यंत डॉक्टर ते देत राहिले, जोडीला प्रॅलिडॉक्सिम. दुसऱ्या दिवशी तो बोलायला लागला आणि घरची मंडळी सुट्टी मागू लागली. डॉक्टरांनी साफ नकार दिला. या विषात माणूस सुधारल्यावरही एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. दर फेरीला ते त्याला उशीवरून डोकं उचलायला सांगत. एका संध्याकाळी त्याला ते जमेना. लगेच अतिदक्षता विभागात हलवून श्वासाची देखरेख वाढवली. दुसऱ्या रुग्णालयात न्यायची धावपळ करावी लागली नाही, कारण तो तिथेच होता.

तो बरा होऊन घरी आला. अहवालाची एक प्रत मालकाला, एक तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिली. शेवटी दोन नोंदी आहेत. पाझरणारा पंप वापरातून काढला. मजुराच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज भरून यायला आठवडे लागतात. म्हणून या हंगामात त्याला फवारणीला लावायचं नाही, मजुरी मात्र चालू ठेवायची.