बादलीला लाथ

अनुवादाच्या वर्गात मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली : 'अंकल किक्ड द बकेट लास्ट मार्च. आंटी डिडन्ट क्राय. आय मिस हिम ऑन संडेज.'

बादलीला लाथ कुणीच मारली नाही. बहुतेकांनी लिहिलं, 'काका गेल्या मार्चमध्ये वारले.' अर्थ बरोबर. पण 'वारले' हा आवाज खाली आणून उच्चारायचा शब्द आहे आणि इंग्रजीतला बोलणारा तर मरणाला टपली मारतोय. युजीन नायडा यांनी १९६४च्या पुस्तकात दोन प्रकारची समतुल्यता सांगितली : एक मूळ मजकुराच्या रूपाशी इमान राखणारी, दुसरी वाचकावर तसाच परिणाम साधणारी. वाक्प्रचाराला बहुधा दुसरीच लागते.

मागच्या बाकावरून आलं, 'गचकले!' वर्ग हसला. मी विचारलं, हे काकूसमोर म्हणाल? नाही. इंग्रजीतही ते विधवेसमोर म्हणत नाहीत. कोण, कुणाला, कुणासमोर बोलेल, या कसोटीवर शब्द उतरला.

तरी 'काका गचकले' कानाला खटकत होतं. क्रियापदात टवाळी आणि त्याच्याच शेपटीला आदर. एका मुलीने विचारलं, "मॅडम, काकाच कशावरून? मामा असेल तर?"

मामाला बऱ्याच घरांत अरेतुरे चालतं. 'मामा गचकला' लगेच बसलं आणि आंटीची आपोआप मामी झाली. इंग्रजीत 'अंकल'ला हा प्रश्न पडतच नाही; मराठीत नातं ठरल्याशिवाय क्रियापदही ठरत नाही. मोठ्या मजकुरात याचं उत्तर इतर पानांत शोधायचं. नाहीच सापडलं, तर आपण ठरवायचं आणि शेवटपर्यंत तेच पाळायचं.

राहिला 'मिस'. 'आठवण येते' म्हटलं तर ती हसतखेळतही येऊ शकते. 'मिस'मधली उणीव त्यात असेलच असं नाही. 'चुकल्यासारखं वाटतं' जवळचं, पण पातळ. शेवटी आम्ही लिहिलं, 'रविवारी मला करमत नाही.' यात 'हिम' गळला; पण आधीची दोन वाक्यं त्याच्याबद्दलच असल्याने तो कळतो. इंग्रजीत 'मिस' करणारी 'मी' कर्ता असते. मराठीत मी काहीच करत नाही. ते मला होतं.

तास संपल्यावर तीच मुलगी थांबली. "मॅडम, उतारा कुठल्या पुस्तकातला?"

पुस्तकातला नव्हता. मामा गेल्यावर मीच लिहिला होता, मुद्दाम इंग्रजीत. तिथे 'अंकल' म्हणून भागलं होतं. तो कोण होता, त्याला मी 'अरे' म्हणायचे की 'अहो', हे सांगावं लागलं नव्हतं.

फळा पुसायच्या आधी मी वहीत उतरवून घेतलं : 'मामा गेल्या मार्चमध्ये गचकला. मामी रडली नाही. रविवारी मला करमत नाही.'