चारशे आठवी ओळ

आमच्या पतसंस्थेची कचेरी रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, आरे-वारेपासून हाकेच्या अंतरावर आहे. पर्यटक घाटीच्या वळणावर थांबतात, दोन्ही किनाऱ्यांचे फोटो काढतात आणि पुढे जातात. त्यांच्यासाठी किनाऱ्यावर चहा, सरबत, भजी विकणारी माणसं मात्र आमची सभासद आहेत. मी तिथला लेखनिक. ही गोष्ट एका सप्टेंबरातली, वार्षिक सभेच्या आदल्या संध्याकाळची.

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचा, इतर तरतुदी करायच्या आणि उरलेल्यातून लाभांश द्यायचा, तोही पंधरा टक्क्यांच्या वर नाही. हा सगळा हिशेब आमच्याकडे ‘लाभांश पत्रक’ नावाच्या एक्सेल फाइलमध्ये होई. ती आमच्या जुन्या सचिवांनी बनवलेली. त्यांना सगळे नाना म्हणत. नाना निवृत्त झाले तरी फाइल तशीच चालू राहिली. दरवर्षी वर्ष बदलायचं, सभासद भरायचे, छापायचं. त्या फाइलवर आमचा जेवढा विश्वास होता तेवढा स्वतःच्या गुणाकारावर नव्हता.

त्या साली वाटपाला १,८४,००० रुपये होते. फाइलने दर काढला दहा टक्के. अहवाल छापून घरोघर गेला. आकडा गोल, दिसायला देखणा, पंधराच्या आत. शंका यावी असं त्यात काही नव्हतं.

मी यादीचे अकरा कागद छापले आणि जुन्या सवयीने पानबेरीज मारायला घेतली. वहीखात्याच्या काळात प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज लिहून ती पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ म्हणून ओढायची असे. संगणक आल्यावर ही रीत गेली. माझी गेली नाही, आणि त्यावरून कचेरीत माझी पुष्कळ थट्टाही होते. कॅल्क्युलेटरवर अकरा पानांचं भागभांडवल आलं २०,००,०००. फाइलच्या माथ्यावर एकूण होतं १८,४०,०००.

पहिल्यांदा वाटलं, माझंच बोट चुकलं. पुन्हा बेरीज केली, तीच आली. मग स्क्रीनवर पहिल्या सभासदापासून शेवटच्या सभासदापर्यंत रकाना निवडला. एक्सेल खालच्या पट्टीवर निवडलेल्या आकड्यांची बेरीज आणि संख्या आपणहून दाखवतं. तिथेही वीस लाख, आणि आकडे ४२६. मग माथ्यावरच्या बेरजेच्या चौकटीवर जाऊन `F2` दाबलं. सूत्र ज्या ओळी मोजतं त्यांच्याभोवती रंगीत चौकट उमटते. ती चौकट ४०८व्या ओळीला संपत होती. खाली आणखी बावीस नावं होती, चौकटीच्या बाहेर.

ही बावीस नावं किनाऱ्यावरच्या टपरीवाल्यांची. कर्जासाठी भाग घेऊन अहवालाच्या वर्षातल्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सभासद झालेली, म्हणजे पूर्ण वर्षाच्या लाभांशाची हक्कदार. त्यांचं भागभांडवल १,६०,०००.

आता ही चूक त्याच वर्षी का झाली? नाना नवा सभासद नेहमी अकारविल्हे त्याच्या जागी घालत. यादीच्या मध्ये ओळ घातली की एक्सेल सूत्राची हद्द आपणहून वाढवतं. म्हणून वर्षानुवर्षं बेरीज बरोबर येत राहिली. मी बावीस नावं दुसऱ्या यादीतून उचलली आणि तळाशी चिकटवली. शेवटच्या ओळीच्या खाली चिकटवलेलं सूत्राला कळत नाही. म्हणजे फाइल नानांच्या हातात बिनचूक होती. ती त्यांच्या सवयीवर चालली होती, आणि ती सवय फाइलमध्ये कुठेच लिहिलेली नव्हती.

पण मला खरी झोंबली ती दुसरी गोष्ट. फाइलमध्ये तपासणी होती! ‘फरक’ नावाच्या दोन चौकटी होत्या आणि दोन्हींत शून्य होतं. मग मी `Ctrl` बरोबर बॅकटिक दाबून सगळी सूत्रं उघडी केली. कामाची तेवढी ही:

```
E3   =SUM(E5:E408)
F3   =SUM(F5:F408)
H2   =H1/E3
F5   =E5*$H$2
H5   =E3
H6   =E3-H5
H7   =H1-F3
```

`H1` म्हणजे वाटपाची रक्कम, `H2` म्हणजे दर. `H5` पुढे लिहिलं होतं ‘ताळेबंदाप्रमाणे भागभांडवल’. नानांच्या काळात तिथे ताळेबंदातला आकडा हाताने भरत. मधे कधीतरी कुणीतरी, कदाचित मीच, कष्ट वाचवायला `=E3` लिहून ठेवलं. त्यामुळे पहिला फरक म्हणजे `E3` मधून `E3` वजा. दुसरा फरक त्याहून लबाड. दर काढायचा रक्कम भागिले बेरीज करून, मग त्याच दराने त्याच ओळींना गुणायचं आणि पुन्हा बेरीज घ्यायची. उत्तर मूळ रकमेइतकंच येणार. चारशे चारऐवजी चाळीस ओळी मोजल्या असत्या तरी तिथे शून्यच दिसलं असतं.

गंमत म्हणजे छापील अहवालात ताळेबंदाच्या पानावर भागभांडवल वीस लाख होतं, आणि पुढे नफा वाटणीच्या पानावर दहा टक्क्यांनी १,८४,०००. वीस लाखांचे दहा टक्के दोन लाख होतात. मी, संचालक, छापखान्यातून आलेले कच्चे कागद वाचणारे, कुणीही ही दोन पानं शेजारी ठेवली नाहीत. दहा टक्के जाहीर झाले असते तर खिडकीवर पैसे देताना १६,००० कमी पडले असते, आणि ते बहुधा शेवटच्या बावीस जणांनाच कमी पडले असते.

मोठ्या विद्वानांचीही अशीच फजिती झालेली आहे. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० सालचा निबंध जगभर गाजला. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल मागवून पाहिली, तेव्हा सरासरीचं सूत्र ४९व्या ओळीऐवजी ४४व्या ओळीलाच थांबलेलं सापडलं. वीस देशांपैकी पाच बाहेर. त्या निबंधावर याहून मोठे आक्षेप दुसरे होते आणि या चुकीने पडलेला फरक त्या मानाने लहान होता, हेही सांगायला हवं. पण लोकांच्या लक्षात राहिली ती पाच ओळींची गोष्ट.

रात्रीच अध्यक्षांना फोन केला. “भाऊ, दर चुकलाय.” पलीकडे थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, “किती?”

“नऊ पूर्णांक दोन दशांश.”

“अहवाल छापून गेला रे!”

सकाळी संचालकांची तातडीची बैठक झाली. एकाचं म्हणणं, दहाच ठेवा, सोळा हजार कुठूनतरी वळते करा. भाऊंनी ते मोडून काढलं. नऊ टक्क्यांची दुरुस्त शिफारस ठरली. वाटप १,८०,०००, उरलेले ४,००० पुढच्या वर्षी ओढायचे. सभेत चूक मीच वाचून दाखवली. एका आजोबांनी विचारलं, “म्हणजे मशीन चुकली?” मी म्हटलं, “नाही आजोबा, मशीनने सांगितलं तेवढंच मोजलं.” ठराव मंजूर झाला.

त्याच आठवड्यात यादी निवडून `Ctrl+T` ने तिचा टेबल केला आणि बेरजेची सूत्रं रकान्याच्या नावाने नव्याने लिहिली. आता तळाशी चिकटवलेली ओळही बेरजेत येते. `H5` मात्र पुन्हा हाताने भरतो, ताळेबंद समोर ठेवून. तिथे सूत्र लिहायला कुणाला परवानगी नाही.

तुमच्या संस्थेत, सोसायटीत, मंडळात अशी एखादी जुनी फाइल असेलच. बेरजेच्या चौकटीवर जा, `F2` दाबा आणि रंगीत चौकट शेवटच्या नावापर्यंत पोचते का ते पाहा. मग ‘फरक’ म्हणून जिथे शून्य दिसतंय तिथेही एकदा दाबा.